बोनाफाईड, कॅरेक्टर आणि टीसी: कॉलेजच्या ऑफिसात कुठला कागद कधी आणि कसा मागायचा

प्रश्न: माझी मुलगी म्हापशाच्या एका कॉलेजातून यंदा बी.एस्सी. झाली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला तात्पुरता प्रवेश मिळाला आहे. ते टीसी, मायग्रेशन आणि कॅरेक्टर सर्टिफिकेट मागतात, आणि शैक्षणिक कर्जासाठी बँक बोनाफाईड मागते. तिने एकाच अर्जात सगळे मागितले, तर ऑफिसने अर्ज परत दिला. ह्या कागदांत नेमका फरक काय आणि अर्ज लिहायचा कसा?

उत्तर: आधी तुमच्यापुरते सांगतो, मग कारणे. तुमच्या मुलीला म्हापशाच्या कॉलेजकडून दोनच कागद हवे आहेत: कॅरेक्टर आणि टीसी. बँकेला हवे असलेले बोनाफाईड कोल्हापूरच्या कॉलेजने द्यायचे आहे, कारण कर्ज तिथल्या शिक्षणासाठी आहे. मायग्रेशन कुठलेच कॉलेज देत नाही, ते ताळगाव पठारावरून, म्हणजे गोवा विद्यापीठातून, मिळते. म्हणजे तिच्या एका अर्जात तीन वेगवेगळ्या कार्यालयांची कामे एकत्र झाली होती. म्हणून तो परत आला असणार.

मी गोव्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षे विद्यार्थी विभाग सांभाळला आहे. जून-जुलैमध्ये काउंटरवर जी गर्दी होते, त्यातले निम्मे हेलपाटे ह्याच गोंधळामुळे होतात. मुले येऊन 'कॉलेजचा दाखला पाहिजे' एवढेच सांगतात. तिन्ही कागद त्याच लेटरहेडवर निघतात, तिन्हींवर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का असतो, त्यामुळे ते एकाच घरातले वाटतात. पण प्रत्येकाचे विधान वेगळे आहे, आणि ते विधान कळले की अर्ज आपोआप नीट लिहिला जातो.

बोनाफाईडचे विधान वर्तमानकाळातले आहे. 'अमुक विद्यार्थिनी ह्या शैक्षणिक वर्षात ह्या कॉलेजात अमुक वर्गात शिकत आहे,' एवढेच ते म्हणते. म्हणून ते ज्या वर्षाचे त्याच वर्षापुरते कामाचे असते. कदंब बसच्या पासासाठी, शिष्यवृत्तीसाठी, बँकेत खाते उघडायला, हॉस्टेलवर राहणाऱ्याला पासपोर्टच्या अर्जासाठी ते लागते, आणि वर्षभरात कितीही वेळा मागता येते. कॉलेजला त्यासाठी फक्त हजेरीपटावर नाव आणि फी भरल्याची नोंद पाहायची असते. फी बाकी असेल तर काम अडते, एरवी दुसऱ्या दिवशी हातात येते. त्यात एक ओळ मात्र महत्त्वाची असते: कागद कशासाठी दिला. पासासाठी म्हणून दिलेले बोनाफाईड बँकेत नेले तर बँक परत पाठवू शकते, कारण त्यावर प्रयोजन दुसरेच छापलेले असते. म्हणून अर्जात कारण लिहायचेच.

तुमची मुलगी आता पास झाली. तिचे नाव चालू वर्षाच्या पटावर नाही, तेव्हा ती 'शिकत आहे' असे म्हापशाचे कॉलेज लिहून देऊ शकत नाही. फार तर 'अमुक साली प्रवेश घेऊन अमुक सालापर्यंत ह्या कॉलेजची विद्यार्थिनी होती' असे लिहून मिळेल. बँकेला त्याचा उपयोग नाही. कोल्हापूरला प्रवेश कायम झाला की तिथल्या ऑफिसातून बोनाफाईड आणि त्याच्यासोबत फीचा तपशील घ्या. त्यात ट्युशन, परीक्षा, प्रयोगशाळा आणि हॉस्टेलचे आकडे वेगवेगळे आणि वर्षवार दाखवलेले असावेत. बँकेला बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या कागदाचीच जास्त गरज असते, बोनाफाईडवर रक्कम नसते. गोवा सरकारच्या कर्जयोजनेतून अर्ज करत असाल आणि त्या योजनेचा ठरावीक नमुना असेल, तर तो कोरा नमुना छापून कोल्हापूरला सोबत न्या. तिथल्या कारकुनाला गोव्याचा नमुना माहीत असण्याचे कारण नाही.

कॅरेक्टर सर्टिफिकेट भूतकाळाबद्दल बोलते, तेही मर्यादित भूतकाळाबद्दल. 'ही विद्यार्थिनी अमुक काळात आमच्याकडे होती, त्या काळात आमच्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली होती.' 'आमच्या माहितीप्रमाणे' हे शब्द प्राचार्य मुद्दाम ठेवतात. ते पोलिसांचे प्रमाणपत्र नव्हे. नोकरीच्या ठिकाणी पोलीस पडताळणी मागितली असेल तर कॉलेजचे कॅरेक्टर चालत नाही, आणि कॉलेजने कितीही कडक शब्दांत लिहून दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जाहिरातीत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र मागितले असेल तर अनुदानित किंवा खाजगी कॉलेजच्या प्राचार्यांची सही चालेलच असे नाही. तेव्हा जाहिरात वाचून मगच कॉलेजात या.

नवे कॉलेज कॅरेक्टर का मागते, ह्याला एक नेमके कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांप्रमाणे प्रवेशअर्जासोबत आधीच्या संस्थेकडून विद्यार्थ्याच्या वागणुकीबद्दल लिहिलेला कागद असावा लागतो. तो शाळा सोडल्याच्या दाखल्यातच असेल, टीसीत असेल, मायग्रेशनमध्ये असेल किंवा वेगळ्या कॅरेक्टर सर्टिफिकेटच्या रूपात असेल. आपल्याकडच्या टीसीवर 'वर्तणूक' असा रकाना असतोच. त्यामुळे काही कॉलेजे वेगळे कॅरेक्टर मागत नाहीत, काही मागतात. कोल्हापूरने मागितले आहे, तर द्या. वाद घालण्यासारखे त्यात काही नाही.

कॅरेक्टरला बोनाफाईडपेक्षा एखाद-दोन दिवस जास्त लागतात, कारण प्राचार्य प्रत्येक मुलाला ओळखत नाहीत. ते विभागप्रमुखांना किंवा मेंटॉर शिक्षकांना विचारतात, शिस्तीची काही नोंद आहे का ते पाहतात आणि मग सही करतात. म्हणून ह्या अर्जात विभागाचे आणि मेंटॉर शिक्षकांचे नाव घालावे, आणि शक्य असेल तर त्या शिक्षकांची 'शिफारस' अशी छोटी सही घेऊनच अर्ज आत द्यावा. मग तो कागद ऑफिसातून विभागाकडे आणि विभागातून परत ऑफिसात फिरत नाही. सुट्टीच्या दिवसांत शिक्षक भेटत नाहीत, तेव्हा हा फरक मोठा पडतो.

आता टीसी. हा कागद काही सांगण्यासाठी नसतो, तो नाते संपवतो. प्रवेशाच्या दिवशी मुलीचे नाव जनरल रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहिले गेले: नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची संस्था, प्रवेशाची तारीख. टीसी काढताना त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यांत कॉलेज सोडल्याची तारीख, कारण आणि टीसीचा नंबर लिहिला जातो. ती ओळ तिथे बंद होते. त्या क्षणापासून ती त्या कॉलेजची विद्यार्थिनी नसते, आणि म्हणूनच मूळ टीसी एकदाच निघते. हरवली तर पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र आणि नवा अर्ज देऊन 'डुप्लिकेट' असा शेरा मारलेली प्रत मिळते, आणि तो शेरा पाहून पुढचे ऑफिस प्रश्न विचारतेच.

ह्याच कारणासाठी एका अर्जात सगळे मागू नये. तुमच्या मुलीचा टीसीचा अर्ज हा नाव कमी करण्याचा पुरावा म्हणून टीसीच्या फाईलला कायम लागतो. कॅरेक्टरचा अर्ज वेगळ्या फाईलला जातो. एकच कागद दोन फाईलींत लावता येत नाही. ऑडिटच्या वेळी प्रत्येक टीसीमागे विद्यार्थ्याच्या सहीचा अर्ज दाखवावा लागतो. त्यामुळे तुमच्या अर्जाबाबत ऑफिसने अडवणूक केली असे मला वाटत नाही, फक्त कारण सांगून परत केला असता तर तुमचा एक फेरा वाचला असता.

अर्ज देण्याआधी नो ड्यूजचे काम उरकून घ्या. लायब्ररीचे पुस्तक, प्रयोगशाळेतली फुटलेली काच, एनसीसीचा गणवेश, जिमखान्याचे साहित्य, प्रत्येक ठिकाणची सही लागते. बी.एस्सी.च्या मुलांचे सगळ्यात जास्त प्रयोगशाळेत अडते, कारण तिथली फुटतुटीची वही वर्षअखेरीस बंद होते आणि लॅब असिस्टंट सुट्टीवर असतो. ह्याच वेळी प्रवेशाला भरलेले डिपॉझिट परत मागायचा अर्जही द्या. त्याला मूळ पावती लागते, आणि टीसी घेऊन गेलेली मुले त्या पैशांसाठी परत येत नाहीत.

आता टीसीचा अर्ज. तो मी असा लिहीन:

प्रति,
मा. प्राचार्य,
…… कॉलेज, म्हापसा, गोवा

विषय: पुढील शिक्षणासाठी ट्रान्सफर सर्टिफिकेट मिळण्याबाबत

महोदय,

मी …… (मार्कशीटवर आहे तसे पूर्ण नाव) 20…. साली प्रथम वर्ष बी.एस्सी.ला ह्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि सहाव्या सत्राची परीक्षा …… महिन्यात उत्तीर्ण झाले. माझा विषय ……, रोल नंबर …… आणि पी.आर. नंबर …… आहे.

मला …… कॉलेज, कोल्हापूर येथे एम.एस्सी. प्रथम वर्षाला तात्पुरता प्रवेश मिळाला असून मूळ ट्रान्सफर सर्टिफिकेट तिथे दि. …… पर्यंत सादर करायचे आहे. तरी 'पुढील शिक्षणासाठी' ह्या कारणाने माझे ट्रान्सफर सर्टिफिकेट द्यावे, ही विनंती.

माझ्याकडे कॉलेजचे काहीही येणे नाही. नो ड्यूजचा फॉर्म, सहाव्या सत्राच्या मार्कशीटची प्रत, तात्पुरत्या प्रवेशाच्या पत्राची प्रत आणि कॉलेजचे ओळखपत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
सही, नाव, पत्ता, फोन नंबर, तारीख

ह्यातल्या प्रत्येक ओळीमागे काम आहे. नाव मार्कशीटप्रमाणे का, ते पुढे सांगतो. प्रवेशाचे साल दिले की कारकुनाला जनरल रजिस्टरचे नेमके पुस्तक काढता येते. नाहीतर तो तीन पुस्तके चाळतो. गोवा विद्यापीठाच्या मार्कशीटवरचा पी.आर. नंबर एकाच नावाच्या दोन मुलींत घोटाळा होऊ देत नाही, आणि आपल्या तालुक्यांत एकाच नावा-आडनावाची मुले एका वर्गात असणे अगदी नेहमीचे आहे. 'लवकरात लवकर' लिहू नका. जूनमध्ये प्रत्येक अर्जावर ते लिहिलेले असते, त्यामुळे कोणाचाच अर्ज पुढे जात नाही. त्याऐवजी तारीख लिहा आणि प्रवेशाच्या पत्राची प्रत लावा. तारीख दिसली की काउंटरवरचा माणूस ढिगातून तो अर्ज वर काढतो, आणि वरिष्ठांना कारण दाखवायला त्याच्याकडे कागद असतो.

कारणाची ओळ सर्वांत जपून लिहा. तुम्ही अर्जात जे कारण लिहाल तेच टीसीच्या 'कॉलेज सोडण्याचे कारण' ह्या रकान्यात उतरते. 'घरगुती अडचणीमुळे' किंवा 'वैयक्तिक कारणाने' असे लिहिले की कागदावर ते कायमचे राहते, आणि पुढच्या मुलाखतीत कोणीतरी त्याबद्दल विचारते. पास होऊन पुढे जाणाऱ्याने 'पुढील शिक्षणासाठी' एवढेच लिहावे.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का, असे पालक विचारतात. 1987 च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापरही शासकीय कामासाठी करता येतो. पण व्यवहारात कॉलेजांचे छापील फॉर्म इंग्रजीत असतात आणि टीसीही इंग्रजीतच निघते. छापील फॉर्म असेल तर तोच भरा. साधा अर्ज मराठीत देत असाल तर नावाचे इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटवरून उतरवून खाली मोठ्या अक्षरांत लिहा. ते स्पेलिंग कारकुनाने अंदाजाने लिहू नये, एवढाच त्याचा हेतू.

कॅरेक्टरचा अर्ज ह्यापेक्षा छोटा. ओळख तीच द्या आणि मुख्य वाक्य असे लिहा: 'मी 20…. ते 20…. ह्या काळात ह्या कॉलेजच्या …… विभागात शिकले. त्या काळातील माझ्या वर्तणुकीबद्दल आणि माझ्यावर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही ह्याबद्दल प्रमाणपत्र द्यावे. हे प्रमाणपत्र …… कॉलेज, कोल्हापूर येथे प्रवेशासाठी सादर करायचे आहे. माझे मेंटॉर शिक्षक …… हे होते.' शिस्तभंगाचा उल्लेख मुद्दाम मागावा. त्याशिवाय निघालेले प्रमाणपत्र 'चांगली वर्तणूक' एवढ्यावर थांबते, आणि काही प्रवेश समित्या त्यावर समाधान मानत नाहीत. हॉस्टेलसाठीही मागितले असेल तर दोन प्रती मागा. कॅरेक्टरच्या दोन मूळ प्रती द्यायला कॉलेजची अडचण नसते.

कॅरेक्टरचा अर्ज टीसीच्या आधी किंवा सोबत द्या, पण नंतर ठेवू नका. टीसी हातात पडली की मुले कॉलेजकडे फिरकत नाहीत, आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे काम ऑफिसात मागे पडते.

आता नावाबद्दल. गोव्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त येतो. एका विद्यार्थिनीच्या मार्कशीटवर आडनाव 'नाईक'च्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, म्हणजे शेवटी 'के' लावून होते. टीसीवर मात्र शेवट पोर्तुगीज वळणाचा, 'क्यू-यू-ई'चा आला. टीसी चुकीची नव्हती. ती जनरल रजिस्टरवरून उतरवली होती, रजिस्टर शाळेच्या दाखल्यावरून भरले होते, आणि शाळेने ते जन्मदाखल्यावरून घेतले होते. घरातल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज काळातल्या वळणाच्या असतील, तर तेच स्पेलिंग पुढच्या पिढीच्या कागदांवर येते. बाहेरच्या राज्यातल्या ऑफिसला ही दोन माणसे वाटतात.

टीसी काढायच्या आधी शाळेचा दाखला, बारावीची मार्कशीट आणि विद्यापीठाची मार्कशीट टेबलावर शेजारी ठेवून नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधीच ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये काय आहे ते विचारा. कॉलेजला आपल्या मनाने रजिस्टरमधली नोंद बदलता येत नाही. बदल जिथे पहिल्यांदा चूक झाली तिथून सुरू व्हावा लागतो, म्हणजे जन्मनोंद, शाळा, पर्वरीचे बोर्ड, मग विद्यापीठ. आडनावच खरोखर बदलायचे असेल तर त्यासाठी गोव्याचा 1990 चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे, आणि ते काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. तेवढा वेळ नसेल तर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र करून कोल्हापूरला टीसीसोबत जोडा. बहुतेक ऑफिसे तेवढ्यावर प्रवेश देतात. मायग्रेशनचा अर्ज मात्र मार्कशीटवरच्याच नावाने करा, कारण विद्यापीठाकडे तेच नाव आहे.

काउंटरवर टीसी हातात मिळाली की तिथेच उभे राहून वाचा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, शेवटची परीक्षा आणि निकाल, सोडण्याची तारीख, सही, गोल शिक्का. जन्मतारीख आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असा घोळ गर्दीच्या दिवसांत होतो, आणि तो दुसऱ्या दिवशी सांगायला गेलात तर ऑफिसची प्रत, रजिस्टर आणि तुमची प्रत तिन्ही पुन्हा काढावी लागतात. लगेच सांगितले तर ती टीसी रद्द करून नवी लिहून मिळते. मग दोन्ही बाजूंचा स्कॅन करून ठेवा. मूळ टीसी कोल्हापूरला जमा होईल आणि तिथेच राहील. प्रवेश झाल्यावर टीसीची प्रत मागणारे पुष्कळ भेटतात.

तात्पुरत्या प्रवेशाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. पदवी पूर्ण झालेल्या मुलीने टीसी थोडी लवकर घेतली तरी फारसे बिघडत नाही, कारण तिला म्हापशाच्या कॉलेजात परत जायचेच नाही. फक्त मूळ एकच आहे, हे लक्षात ठेवायचे. कोल्हापूरला दिल्यावर गोवा विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या यादीत नाव लागले, तर ती परत आणावी लागेल. दोन्हीकडे आशा असेल तर कोल्हापूरला 'अमुक तारखेपर्यंत मूळ टीसी सादर करीन' असे हमीपत्र देता येते का ते विचारा. पुष्कळ कॉलेजे पंधरा-वीस दिवस थांबतात. कोल्हापूरचा प्रवेश रद्द करायचाच झाला तर रद्द करण्याचा अर्ज तारखेसह लेखी द्या आणि त्यावर आवक शिक्का घ्या. आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेत फी परतीचे टप्पे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपासून मोजले आहेत: त्या तारखेच्या 15 दिवस किंवा अधिक आधी पूर्ण, 15 दिवसांपेक्षा कमी राहिले असताना 90 टक्के, शेवटच्या तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, शेवटच्या तारखेनंतर 15 दिवस उलटून 30 दिवसांपर्यंत 50 टक्के, आणि पुढे काहीच नाही. एका दिवसाच्या फरकाने हजारो रुपये जातात, म्हणून तो शिक्का. त्या-त्या वर्षी आयोग ह्याहून सवलतीची सूचनाही काढतो, तीही पाहून घ्या.

मधल्या वर्षातल्या मुलांसाठी मात्र हिशेब अगदी वेगळा आहे. तुमचा धाकटा मुलगा किंवा शेजारचे कोणी दुसऱ्या वर्षाला असेल आणि दुसरीकडे जागा 'मिळेल असे वाटते' म्हणून टीसी मागत असेल, तर त्याला थांबवा. दुसऱ्या कॉलेजचे लेखी पत्र हातात येईपर्यंत टीसीचा अर्ज द्यायचा नाही. ओळ बंद झाली की बोनाफाईड बंद, कदंबचा पास बंद, शिष्यवृत्तीची फाईल बंद. परत यायचे म्हटले तर ते पुनर्प्रवेशाचे प्रकरण होते आणि जागा उरलेली असेलच असे नाही. विचारणा करायला टीसी लागतच नाही. त्यासाठी चालू कॉलेजचे बोनाफाईड आणि मार्कशीटच्या प्रती पुरतात, आणि समोरचे कॉलेज जागा देत असेल तर तसे पत्र देते.

मायग्रेशनसाठी गोवा विद्यापीठाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि फीही विद्यापीठालाच भरायची असते. गोवा विद्यापीठातच पुढे शिकणाऱ्याला ते लागत नाही. विद्यापीठ बदलणाऱ्यालाच लागते. तुमची मुलगी गोवा विद्यापीठातून शिवाजी विद्यापीठात जाते आहे, म्हणून कोल्हापूरने मागितले. टीसीचा स्कॅन आणि दोन साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवल्या, तर मूळ टीसी कोल्हापूरला पाठवूनही हे काम इथून करता येते. मायग्रेशनला टीसीपेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा त्याचा अर्ज टीसी हातात आल्या दिवशीच द्या.

मुलगी कोल्हापूरला गेलेली असेल आणि कागद तुम्ही नेणार असाल तर अधिकारपत्र लागेल. साध्या कागदावर तिच्या सहीने: 'माझे वडील (किंवा आई) …… ह्यांच्याकडे माझे ट्रान्सफर सर्टिफिकेट व कॅरेक्टर सर्टिफिकेट द्यावे. त्यांची सही खाली साक्षांकित केली आहे.' खाली तुमची सही, सोबत तिच्या आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत. वडील आहेत म्हणून तोंडी मागितले तर ऑफिस देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मूळ टीसी चुकीच्या हातात गेली तर मुलीला रडावे लागते, ऑफिसला नाही.

सगळे नीट दिले आणि तरी काम अडले, तर आधी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते असे नंतर पुष्कळांना वाटते, म्हणून पहिल्याच दिवशी करा. मग प्राचार्यांना भेटून त्या क्रमांकाचा हवाला द्या; बहुतेक प्रकरणे तिथेच सुटतात. तिथेही नाही सुटले तर 2023 च्या आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. लेखी तक्रारीवर तिने शक्यतो 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. त्या तक्रारीत रागाची वाक्ये नकोत. अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कोल्हापूरची शेवटची तारीख आणि 'अद्याप प्रमाणपत्र मिळालेले नाही' एवढ्या चार गोष्टी लिहा आणि शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत जोडा.